‘निनावी’ की ‘गोपनीय’? अभ्यास संपल्यावर मुलाखतींच्या रेकॉर्डिंगचे काय करायचे

सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर किंवा मुलाखतीपूर्वी सही घेतल्या जाणाऱ्या संमतीपत्रावर एक वाक्य हमखास असते: ‘आपण दिलेली माहिती निनावी व गोपनीय ठेवली जाईल.’ वाचणाऱ्याला ते दुहेरी आश्वासन वाटते, जणू एका कुलपावर दुसरे कुलूप. प्रत्यक्षात ही दोन आश्वासने एकाच माहितीला एकाच वेळी लागू पडत नाहीत. माहिती निनावी असेल, तर ती कोणी दिली हे संशोधकालाही ठाऊक नसते. माहिती गोपनीय असेल, तर ती कोणाची हे संशोधकाला नेमके ठाऊक असते आणि ते इतरांना न सांगण्याचे त्याने कबूल केलेले असते. म्हणजे पहिला शब्द माहितीची अवस्था सांगतो, तर दुसरा एका माणसाने दिलेला शब्द असतो. अभ्यास चालू असेपर्यंत हा फरक फारसा जाणवत नाही. तो बोचू लागतो अभ्यास संपल्यावर, कारण शब्द देणारी माणसे तोवर पांगलेली असतात आणि फाइली मात्र जागच्या जागी असतात.

## मतपेटी आणि डॉक्टरांचे केसपेपर

गुप्त मतदानात मतपत्रिका पेटीत पडली की ती कोणाची हे मोजणाऱ्याला सांगता येत नाही. त्याला धमकावले, लाच दिली किंवा न्यायालयात उभे केले तरीही सांगता येत नाही, कारण मत आणि मतदार यांना जोडणारा धागाच त्याच्या हाती नसतो. ही निनावी माहिती होय.

डॉक्टरांकडचे केसपेपर वेगळे. त्यांवर रुग्णाचे नाव असते, असावेच लागते, आणि डॉक्टर ते कोणाला दाखवत नाहीत. ही गोपनीयता होय. तिचे रक्षण डॉक्टरांच्या सचोटीवर, कपाटाच्या कुलपावर, दवाखान्यातल्या मदतनिसावर आणि कायद्यावर अवलंबून असते. यांतले काहीही एक ढिले पडले, तर ती मोडते.

समोरासमोरची मुलाखत नेहमी दुसऱ्या प्रकारात मोडते. संशोधकाने चेहरा पाहिलेला असतो, आवाज ऐकलेला असतो, बहुतेक वेळा फोन करून वेळही ठरवलेली असते. म्हणून ‘ही मुलाखत निनावी आहे’ हे विधान मुलाखतीच्या क्षणी खोटे असते, मग हेतू कितीही चांगला असो. पुढे त्या मुलाखतीच्या लेखी रूपातून ओळख पटवणाऱ्या गोष्टी काढून ते निनावी अवस्थेच्या जवळ नेता येते, पण रेकॉर्डिंग तसे नेता येत नाही. आवाज हीच ओळख असते. नाव आले तिथे ‘पीप’ टाकले, तरी बोलण्याची ढब, एखादा पालुपदासारखा शब्द किंवा हसण्याची तऱ्हा सहकाऱ्याला दहा सेकंदांत ओळखू येते. आवाजाची पट्टी बदलणे हा उपाय सुचवला जातो खरा, पण नुसती पट्टी बदलली असेल तर ती मागे फिरवता येते आणि बोलण्याची लय तर बदलतच नाही.

## शब्द दिला, पण तो पाळता आला नाही

गोपनीयतेच्या मर्यादा समजायला बोस्टन कॉलेजचा ‘बेलफास्ट प्रकल्प’ पाहावा. २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघर्षातल्या दोन्ही बाजूंच्या माजी लढवय्यांच्या मुलाखती या प्रकल्पासाठी रेकॉर्ड करण्यात आल्या. बोलणारा हयात असेपर्यंत त्याची मुलाखत उघड होणार नाही, असे आश्वासन त्यांना होते. नावांऐवजी अक्षरांची खूण वापरली होती आणि मुलाखती अमेरिकेत, कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या. कुलूपकिल्लीच्या दृष्टीने व्यवस्था वाईट नव्हती.

दोन मुलाखत देणाऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाखती २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि असा संग्रह आहे हे जगजाहीर झाले. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दोन देशांतल्या कायदेशीर सहकार्याच्या कराराद्वारे या मुलाखती मागितल्या. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयांत गेले. अपील न्यायालयाने मागणीचा आवाका बराच कमी केला, तरीही काही मुलाखती २०१३ मध्ये पोलिसांच्या हाती द्याव्याच लागल्या. २०१४ मध्ये कॉलेजने जाहीर केले की, ज्यांना हवे त्यांनी आपापली रेकॉर्डिंग परत न्यावीत.

इथे कोणी कुलूप फोडले नाही की संगणकात घुसखोरी केली नाही. चूक आश्वासनाच्या शब्दांत होती. ‘कायद्याच्या मर्यादेत राहून जेवढे शक्य तेवढे’ ही अट बोलणाऱ्याला स्पष्ट सांगायला हवी होती, म्हणजे काय बोलायचे आणि काय नाही हे त्याला ठरवता आले असते. शिवाय आवाज आणि नाव यांना जोडणारा धागा शाबूत होता. संशोधकाच्या हाती जे आहे ते त्याच्याकडून मागता येते. जे त्याच्याकडे नाहीच, ते कोणीही मागून मिळवू शकत नाही.

## अभ्यास संपल्या दिवशी हाती काय काय असते

आता एक कल्पित पण अगदी रोजच्या धाटणीचा अभ्यास घेऊ. एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिका व परिचारक यांना वरिष्ठांकडून कशी वागणूक मिळते, हा विषय. २४ मुलाखती झाल्या आणि १८० जणांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली. अहवाल छापून झाला. मुख्य संशोधक सांगतात की सारा डेटा संगणकावर पासवर्डखाली सुरक्षित आहे.

मी अशा वेळी कागद घेऊन एकाच मुलाखतीचा माग काढायला बसते, आणि बसायला सांगते. सातव्या क्रमांकाची मुलाखत घेऊ. मूळ रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर. तिथून प्रत लॅपटॉपवर. तासाभराचे पूर्ण दर्जाचे रेकॉर्डिंग सुमारे ६०० एमबी भरते, ते ईमेलने जाईना म्हणून आकार लहान केलेली दुसरी प्रत. ती टंकलेखकाकडे पाठवली, म्हणजे एक आपल्या ‘पाठवलेल्या’ मेलमध्ये, एक त्याच्या मेलमध्ये, एक त्याच्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये. त्या दिवशी रेकॉर्डरची बॅटरी संपत आली होती, म्हणून शेवटची वीस मिनिटे फोनवर रेकॉर्ड केली, आणि फोन रात्री आपोआप संशोधकाच्या खासगी क्लाउडवर बॅकअप घेतो. एका आवाजाच्या सात-आठ प्रती झाल्या, आणि पासवर्ड त्यांतल्या एकीवर आहे.

आवाजाखेरीज उरतात ते कागद आणि तक्ते: नावे असलेले पहिले शब्दांकन, नावे बदललेले दुसरे शब्दांकन, सहीची संमतीपत्रे, आणि सर्वांत नाजूक अशी एक छोटी स्प्रेडशीट. तिच्यात दोनच रकाने असतात: खऱ्या नावाचा आणि ‘मु०७’ यासारख्या सांकेतिक क्रमांकाचा. तिला या लेखात दुवा-यादी म्हणू. ती आहे तोवर सगळा संग्रह फक्त गोपनीय आहे, कारण ‘मु०७’ कोण हे सांगणारी चावी जगात आहे. ती संपली की संग्रहातला लेखी भाग निनावी होण्याच्या वाटेला लागतो. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला डेटा संरक्षण नियमही याच रेषेवर उभा आहे: नावाच्या जागी क्रमांक घातलेली माहिती, चावी शिल्लक असेपर्यंत, व्यक्तिगत माहितीच मानली जाते.

दुवा-यादीची एक जुळी बहीण असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संमतीपत्रावर सहीखाली तारीख असते, आणि शब्दांकनाच्या माथ्यावर मुलाखतीची तारीख असते. त्या दिवशी एकच मुलाखत झाली असेल, तर स्प्रेडशीट नष्ट करूनही दुवा जसाच्या तसा राहतो. म्हणून शब्दांकनावर महिना-वर्ष एवढेच ठेवावे किंवा तेही काढावे, आणि संमतीपत्रे वेगळ्या ठिकाणी, आडनावांच्या क्रमाने लावून ठेवावीत, मुलाखतींच्या क्रमाने नव्हे.

## नाव काढले, तरी माणूस उरतो

शब्दांकनातली नावे बदलायला ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरली जाते, आणि मराठीत ती दगा देते. ‘पाटील’ शोधले तर ‘पाटलांनी मला बोलावले’ हे सापडत नाही, कारण विभक्ती लागताना नावाचे रूपच बदलले. मुलाखत देणारी बाई वरिष्ठांना कधी आडनावाने, कधी ‘मॅडम’, कधी घरच्या टोपणनावाने हाक मारते. त्यामुळे शब्दांकन डोळ्यांनी ओळ न् ओळ वाचण्याला पर्याय नाही. बदल नोंदवणारी सोय दस्तऐवजात चालू राहिली असेल, तर खोडलेले नाव एका क्लिकवर परत दिसते, हेही तपासावे. अंतिम मजकूर साध्या मजकूर-फाइलमध्ये नव्याने साठवला की ही भीती जाते.

प्रश्नावलीची फाइल वरवर अधिक निरुपद्रवी दिसते, कारण तिच्यात नाव मागितलेलेच नव्हते. पण रकाने पाहा: विभाग, लिंग, वय, सेवेची वर्षे, पाळी. १८० ओळींत पुरुष ११. अतिदक्षता विभागाच्या ओळी १४. दोन्ही अटी एकत्र लावल्या की उरते एकच ओळ. त्या विभागात पुरुष परिचारक कोण हे तिथल्या वरिष्ठांना चांगले ठाऊक आहे, आणि त्या ओळीत त्याच वरिष्ठांविषयीची चाळीस उत्तरे आहेत.

ही भीती पुस्तकी नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्हींतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहा जण होते, त्यांपैकी तिघे पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा हाती आल्या.

आपल्या फाइलवरचा उपाय साधा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. वय दहा-दहा वर्षांच्या गटांत टाकायचे, लहान विभाग एकमेकांत मिळवायचे, आणि मग या रकान्यांची कोणतीही जोडणी केली तरी एका गटात किमान पाच ओळी उरतात का, हे मोजायचे. आमच्या उदाहरणात लिंगाचा रकाना बहुधा काढावाच लागेल. त्याबरोबर ‘पुरुष परिचारकांचा अनुभव वेगळा आहे का’ हा प्रश्न या फाइलला पुढे कधीच विचारता येणार नाही. मला विचाराल तर ते नुकसान सोसावे; त्या प्रश्नासाठी मूळ फाइल कुलूपबंद ठेवता येते.

आणखी एक सापळा सोडतीचा. प्रश्नावली भरणाऱ्यांतून काहींना भेट द्यायची म्हणून फोन क्रमांक वेगळ्या अर्जात घेतले जातात, आणि ‘दोन्ही फाइली वेगळ्या आहेत’ असे समाधान मानले जाते. पण दोन्ही अर्ज वेळेची नोंद ठेवतात. एकात १०:४२:०७, दुसऱ्यात १०:४२:५१. पुढची ओळ ११:१५ची. वेळेनुसार लावल्या की दोन्ही याद्या एकमेकींशेजारी बसतात. सोडत झाली की फोनची यादी नष्ट करावी, आणि प्रश्नावलीतून वेळ व आयपी पत्ता यांचे रकाने काढून ओळींचा क्रम पिसून मगच फाइल साठवावी. क्रम पिसायला विसरले, तर वेळ काढूनही क्रमच साक्ष देतो.

## ‘मग सगळेच नष्ट केले तर?’

ही शंका रास्त आहे, आणि काही संमतीपत्रांत तसे लिहिलेलेही असते. पण निष्कर्षांवर आक्षेप आला तर शब्दांकने दाखवता आली पाहिजेत, आणि संमती खरोखर घेतली होती याचा पुरावा म्हणून सहीचे कागद ठराविक वर्षे ठेवावे लागतात. किती वर्षे, हे निधी देणारी संस्था, आचारसमिती आणि त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. शिवाय मुलाखत देणाऱ्याने आपला तास दिलेला असतो. त्याच्या बोलण्याचा उपयोग एका अहवालापुरताच संपवणे हाही एक प्रकारे त्याच्या वेळेचा अनादर आहे.

म्हणून एकाच तारखेला सगळे ठेवायचे किंवा सगळे जाळायचे, असे न करता थर पाडावेत. दुवा-यादी सर्वांत आधी जावी. सहभागींना माघार घेण्याची किंवा आपले शब्दांकन तपासण्याची मुदत दिलेली असते, ती संपली की तिचे काम संपते. दुवा-यादी गेल्यावर ‘माझी मुलाखत काढून टाका’ ही विनंती पाळता येणार नाही, हे सहभागींना आधीच कळलेले असले पाहिजे. तिच्यानंतर रेकॉर्डिंग, शब्दांकन आवाजाशी ताडून पाहिले आणि अहवाल स्वीकारला गेला की बहुतेक अभ्यासांत आवाजाची गरज उरत नाही. निनावी केलेली शब्दांकने आणि पिसलेली प्रश्नावली दीर्घकाळ ठेवता येतात.

## कुलूप कसे, आणि नष्ट म्हणजे काय

लॅपटॉप सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड हा दारावरचा पडदा आहे. पुष्कळ लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतले सारे दिसते. फाइल कूटबद्ध करणे, म्हणजे चावीशिवाय तिचा अर्थच लागू नये अशा रूपात ती साठवणे, हे खरे कुलूप. त्यासाठी VeraCrypt सारख्या मोफत साधनाने एक कूटबद्ध पेटी तयार करता येते. आमच्या २४ रेकॉर्डिंगना साधारण १५ जीबी लागतात, म्हणून २० जीबीची पेटी पुरेल. 7-Zip वापरत असाल तर फाइलींची नावे कूटबद्ध करण्याची खूण वेगळी करावी लागते, आणि ती .7z प्रकारातच मिळते. ती राहिली, तर आतला आवाज बंद असूनही बाहेरून फाइलीच्या यादीत खरी नावे वाचता येतात.

पासवर्ड लांब असावा आणि तो दोघांकडे असावा. त्यांतली एक जागा संस्थेच्या तिजोरीतला बंद लिफाफा. एकट्या संशोधकाच्या डोक्यातला पासवर्ड त्याच्याबरोबर निघून जातो, आणि अशी पेटी पुन्हा कोणालाच उघडता येत नाही. पेटीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा दोन्ही खरोखर उघडून एखादे रेकॉर्डिंग ऐकून पाहावे. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी भरवशाचा नसतो.

नष्ट करण्याचे काम वाटते तितके सरळ नाही. फाइल डिलीट केली की संगणक फक्त तिची जागा मोकळी झाल्याची नोंद करतो. आतला मजकूर पुष्कळदा तसाच राहतो. आधुनिक एसएसडी डिस्कवर आणि मेमरी कार्डावर तर ‘वरून दुसरे काही लिहिले’ असे आपल्याला वाटते तेव्हा यंत्र ते भलत्याच जागी लिहिते. बॅकअपमध्ये आणि क्लाउडच्या कचरापेटीत प्रत आणखी काही आठवडे जिवंत असते. इथेच सुरुवातीपासून कूटबद्ध पेटी वापरल्याचा मोठा लाभ होतो: बॅकअप पेटीचा झालेला असेल, तर पासवर्डच्या सर्व नोंदी नष्ट करताच प्रत्येक ठिकाणची प्रत एकदमच निरुपयोगी होते. जे कधी पेटीत गेलेच नाही, म्हणजे टंकलेखकाच्या मेलमधली आणि फोनच्या क्लाउडमधली प्रत, ती मात्र हाताने शोधून काढावी लागते. म्हणून तो माग काढण्याचा कागद.

## ‘आमच्या एवढ्याशा अभ्यासात कोणाला रस असणार?’

बाहेरच्या अनोळखी चोराला बहुधा नसतो. रस असतो तो ओळखीच्या माणसाला: ज्याच्याविषयी बोलले गेले त्या वरिष्ठाला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, नातेवाइकाला. त्याला संगणक फोडावा लागत नाही. अहवालातले ‘तेवीस वर्षांच्या सेवेनंतर माझी बदली केली’ हे वाक्य त्याला पुरते. अभ्यास जितका लहान, तितका संशयाचा घेरा लहान. बारा जणांच्या विभागातून सहा मुलाखती घेतल्या, तर प्रत्येक वाक्याला दोन-तीनच दावेदार उरतात.

## संमतीपत्रात काय लिहावे

परिचारिकांच्या अभ्यासासाठी मी ‘निनावी व गोपनीय’ हे वाक्य खोडून हा मजकूर सुचवेन: ‘मुलाखत घेणाऱ्याला आपली ओळख माहीत असेल. ती आम्ही अहवालात किंवा रुग्णालयात कोणालाही सांगणार नाही; मात्र न्यायालयाने कायदेशीर आदेश दिल्यास आम्हाला माहिती द्यावी लागू शकते. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी मुलाखतीनंतर सहा महिन्यांनी नष्ट केली जाईल, त्यानंतर आपली मुलाखत मागे घेता येणार नाही. रेकॉर्डिंग अहवाल स्वीकारल्यावर नष्ट केले जाईल. नावे व ओळखीचे तपशील काढलेले शब्दांकन पुढील संशोधनासाठी जपले जाईल. आपली त्याला संमती आहे / नाही.’ शेवटच्या ‘आहे / नाही’पैकी एकावर सहभागीने स्वतः खूण करावी. या मजकुराखाली मुख्य संशोधकाच्या नावाबरोबर संस्थेतल्या एका पदाचाही उल्लेख हवा, कारण सहा महिन्यांनी यादी नष्ट झाली का हे विचारायला कोणी आले, तर मुख्य संशोधक तिथे असतीलच असे नाही.